आधी झालेली विक्री, मग बाजारपेठ

नव्या कंपनीचे संस्थापक भांडवल उभारायला निघतात, तेव्हा गुंतवणूकदाराच्या हाती सर्वांत आधी पडतो तो एका पानाचा सारांश. उद्योगाच्या बोलीत त्याला ‘वन-पेजर’ म्हणतात. कंपनी काय विकते, कोणाला विकते, आजवर किती मजल मारली, बाजारपेठ केवढी आहे, चालवणारे कोण आहेत आणि किती रक्कम हवी आहे, एवढे सगळे साडेतीनशे-चारशे शब्दांत बसवायचे असते. हे पान वाचून कोणी पैसे देत नाही. भेटीला बोलवायचे की नाही, एवढेच त्यावरून ठरते. वाचणाऱ्यासमोर अशी पाने ढिगाने येत असतात, त्यामुळे पहिल्या चार-पाच ओळींत जे येते तेच बहुधा वाचले जाते.

असे पान संपादनासाठी हाती आले की दोन दोष हमखास दिसतात. बाजारपेठेचा भला मोठा आकडा पहिल्याच ओळीत असतो, पण तो कोणी, कधी आणि काय मोजून काढला हे कुठेच लिहिलेले नसते. कंपनीने स्वतः केलेली विक्री मात्र तळाशी गेलेली असते, किंवा ‘हजारो वापरकर्ते’ अशा शब्दांत विरघळून गेलेली असते. भाषा सुधारून हे दोष जात नाहीत. एकेका आकड्याचा मूळ कागद शोधावा लागतो, तो काय सांगतो ते पाहावे लागते आणि मग पानाचा क्रम बदलावा लागतो. हे काम कसे चालते ते एका कल्पित उदाहरणावरून नीट कळते. पुढील कंपनी आणि तिचे अंतर्गत आकडे काल्पनिक आहेत. तिच्या पानावर आलेले बाजारपेठेचे दावे मात्र भारतातल्या शेतीविषयक कंपन्यांच्या सारांशांत खरोखर आढळणाऱ्या धाटणीचे आहेत.

कंपनी नाशिकची आहे. द्राक्षबागेत ती सेन्सरचा एक संच बसवते. जमिनीतला ओलावा, हवेतली आर्द्रता, तापमान आणि पान किती वेळ ओले राहिले याच्या नोंदी मोबाइलवर येतात. त्यावरून पाणी कधी द्यायचे आणि डाउनी किंवा भुरीसाठी फवारणी कधी घ्यायची याचा सल्ला बागायतदाराला मिळतो. साधारण एकरभराच्या एका प्लॉटला एक संच लागतो आणि त्याचे एका हंगामाचे भाडे १२,००० रुपये आहे. संस्थापकांनी लिहिलेल्या पहिल्या मसुद्याची सुरुवात अशी होती:

‘भारताच्या २४ अब्ज डॉलरच्या कृषी तंत्रज्ञान बाजारपेठेत क्रांती घडवणारा मंच. देशातील १४ कोटींहून अधिक शेतकरी हे आमचे संभाव्य ग्राहक. यातील केवळ १ टक्का बाजार मिळाला तरी २,००० कोटींचा व्यवसाय. ५,००० हून अधिक शेतकरी जोडलेले. उलाढाल ८० लाख. दरमहा ४० टक्के वाढ. तीन आघाडीच्या संस्थांशी सहकार्य.’

या सात वाक्यांत धादांत खोटे म्हणावे असे एकही नाही. प्रत्येक आकड्यामागे काही ना काही आहे. तरीही वाचणाऱ्याच्या मनात जे चित्र उभे राहते ते कंपनीच्या खऱ्या स्थितीशी जुळत नाही. संपादनाची गरज नेमकी इथे आहे.

कामाची सुरुवात पानाला हात न लावता करावी. शेजारी एक तक्ता उघडून पानातला प्रत्येक आकडा आणि पडताळता येईल असा प्रत्येक दावा वेगळ्या ओळीत उतरवून घ्यावा. त्याच्यापुढे तो कुठून आला, कोणत्या तारखेचा आहे आणि त्याचा पुरावा कोणत्या फाइलमध्ये आहे हे नोंदवावे. बँकेचा उतारा, बिलांची नोंद, करारपत्र, ॲपचा डेटाबेस, सरकारी अहवालातले पान अशा गोष्टी पुरावा ठरतात. ‘सगळीकडे असेच म्हणतात’ हा पुरावा नव्हे. तक्ता भरत असताना बऱ्याच ओळींपुढची जागा रिकामी राहते, आणि कोणते दावे सोडावे लागणार हे तिथेच कळून चुकते.

आता पहिला दावा, २४ अब्ज डॉलरचा. अशा आकड्याच्या मुळाशी जाण्याची रीत ठरलेली आहे. संस्थापकाने तो एखाद्या बातमीत वाचलेला असतो, बातमी दुसऱ्या लेखावर बेतलेली असते आणि तो लेख एखाद्या अहवालाच्या प्रसिद्धिपत्रकावर. ही साखळी उलटी चढत मूळ अहवालापर्यंत पोहोचावे लागते. हा आकडा ईवाय या सल्लागार संस्थेच्या २०२० सालच्या अहवालातला आहे. भारतातील कृषी तंत्रज्ञानाची २०२५ पर्यंतची संभाव्य बाजारपेठ त्यात सुमारे २४ अब्ज डॉलर धरली होती. त्या वेळी यातला जेमतेम एक टक्का भाग कंपन्यांनी काबीज केला आहे, असेही तिथेच म्हटले होते. म्हणजे हा आकडा प्रत्यक्ष होत असलेल्या खरेदीचा नव्हता, शक्यतेचा होता. शिवाय त्याचा मोठा हिस्सा पुरवठा साखळी आणि शेतमालाच्या विक्रीव्यवस्थेचा होता. शेतीकर्ज, विमा अशा वित्तीय सेवा त्यात होत्या, निविष्ठांची विक्रीही होती. सेन्सर आणि सल्ला ज्यात मोडतात त्या अचूक शेतीचा वाटा तुलनेने लहान होता.

मूळ अहवाल पाहिल्यावर संपादकापुढे दोन वाटा असतात. आकडा ठेवायचा असेल तर त्याचा पूर्ण पत्ता द्यावा: कोणाचा अहवाल, कोणत्या वर्षाचा, संभाव्य की प्रत्यक्ष, आणि कंपनीशी संबंधित भाग कोणता. नाहीतर तो काढून टाकावा. इथे काढून टाकणेच बरे. ज्या वर्षापर्यंतचा अंदाज होता ते वर्ष आता मागे पडते आहे, आणि द्राक्षबागेतल्या सेन्सरचा धान्याच्या पुरवठा साखळीशी संबंध नाही. स्रोत जोडल्याने आकडा प्रामाणिक होतो, पण तेवढ्याने तो उपयोगी होतोच असे नाही.

१४ कोटी शेतकऱ्यांचा दावा याहून बारकाईने पाहावा लागतो, कारण त्याचा स्रोत भक्कम आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशात सुमारे १४.६५ कोटी वहिती खातेधारणा नोंदल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे ८६ टक्के दोन हेक्टरांहून लहान होत्या. गणना सरकारी आणि आकडाही बरोबर, पण त्यात मोजले आहे ते जमिनीचे वहिती एकक. ते मोबाइलवर सल्ला विकत घेणारी व्यक्ती मोजत नाही, आणि द्राक्ष पिकवणारी व्यक्ती तर नाहीच. मराठवाड्यातला कोरडवाहू सोयाबीन उत्पादक आणि बिहारमधला अर्ध्या एकरात भात लावणारा शेतकरी या बेरजेत आहेत, आणि त्यांच्यासाठी या कंपनीकडे आज काहीच नाही. अचूक स्रोत देऊनही दावा फसवा राहू शकतो, तो असा. म्हणून तक्त्यात स्रोतापुढे आणखी एक रकाना ठेवावा: या आकड्यात नेमके काय मोजले आहे?

तिसऱ्या वाक्यातला ‘केवळ १ टक्का’ हा युक्तिवाद सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत कमकुवत. तो तपासायला बाहेरचा अहवालही लागत नाही, कंपनीचे स्वतःचे भाडेच पुरते. २,००० कोटी रुपयांना १२,००० ने भागले की सुमारे १६ लाख ६७ हजार संच येतात. एकरी एक संच धरला तर तेवढे एकर, म्हणजे पावणेसात लाख हेक्टर झाले. भारतातले द्राक्षाखालचे एकूण क्षेत्रच दोन लाख हेक्टरांपेक्षा कमी आहे. देशातली प्रत्येक द्राक्षवेल ग्राहक झाली तरी हा एक टक्का हाती येणार नाही. अनुभवी गुंतवणूकदार अशी भागाकाराची परीक्षा मनातल्या मनात घेतो. तिथे आकडा गडगडला की पानातल्या उरलेल्या आकड्यांकडेही तो त्याच नजरेने पाहू लागतो.

यावर उपाय म्हणजे बाजारपेठ खालून वर मोजणे. आधी ग्राहक नक्की कोण ते ठरवावे, असे ग्राहक किती आहेत हे नोंदीवरून काढावे आणि त्याला प्रत्यक्ष आकारल्या जाणाऱ्या किमतीने गुणावे. दोन लाख हेक्टरांची वरची मर्यादा धरली तर सुमारे पाच लाख एकर होतात. त्याला १२,००० ने गुणले की देशातल्या साऱ्या द्राक्षबागा मिळून हंगामाला ६०० कोटी रुपयांच्या आतली बाजारपेठ निघते. हे झाले छत. त्याखाली आज खरोखर गाठता येण्याजोगा ग्राहक वेगळा काढावा लागतो. या कंपनीचे पैसे देणारे ग्राहक बहुतेक करून युरोपला माल पाठवणारे बागायतदार आहेत. फवारणीतल्या औषधाचा अंश मर्यादेबाहेर गेला तर त्यांचा कंटेनर अडकू शकतो, म्हणून वेळेवर आणि मोजकी फवारणी त्यांच्या दृष्टीने पैशांची गोष्ट आहे. अशा निर्यातक्षम बागांची प्लॉटनिहाय नोंदणी अपेडाच्या ग्रेपनेट यंत्रणेत होते. त्या नोंदणीतला चालू हंगामाचा आकडा तारखेसह घ्यावा आणि गुणाकार पानावरच दाखवावा. दर दहा हजार नोंदणीकृत प्लॉटमागे बाजार १२ कोटी रुपयांचा, एवढे एक वाक्य वाचणाऱ्याला स्वतः हिशेब करू देते. २४ अब्ज डॉलरच्या शेजारी १२ कोटींचा आकडा संस्थापकांना केविलवाणा वाटतो, त्यामुळे या टप्प्यावर त्यांचा विरोध सर्वांत जास्त होतो. पण लहान आकड्याचा पाया दाखवता येतो आणि मोठ्याचा दाखवता येत नाही, हे त्यांच्यासमोर भागाकार मांडला की बहुधा पटते.

बाजारपेठ एका पिकापुरती मोजणे अपुरे आहे, पुढे डाळिंब आणि संत्र्याच्या बागाही येतील, असे संस्थापक म्हणतील. ते रास्तही असू शकते. बाजारपेठेची हद्द कुठे आखायची हा खरा वादाचा विषय आहे. २०१४ च्या जून महिन्यात उबर कंपनीचे मूल्य १७ अब्ज डॉलर ठरले तेव्हा न्यूयॉर्क विद्यापीठातले वित्तशास्त्राचे प्राध्यापक अस्वथ दामोदरन यांनी ते ५.९ अब्जांच्या आसपास काढले. जगातला टॅक्सी आणि भाड्याच्या मोटारींचा धंदा १०० अब्ज डॉलरचा धरून त्यांनी हिशेब केला होता. पुढच्याच महिन्यात, उबरमध्ये पैसे गुंतवलेल्या बेंचमार्क या संस्थेचे बिल गर्ली यांनी त्याला उत्तर दिले. सेवा सोपी झाली की जे आधी टॅक्सी घेत नव्हते तेही घेऊ लागतात, स्वतःची मोटार सोडणारेही यात येतात, म्हणून जुन्या टॅक्सीधंद्याचे माप इथे लागू पडत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे उबर किती वाढली ते सर्वज्ञात आहे. संपादकाच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे: दोघांनीही आपली गृहीतके उघड मांडली होती, म्हणूनच वाद अर्थपूर्ण झाला. नाशिकच्या कंपनीने डाळिंबाचा उल्लेख जरूर करावा, पण वेगळ्या वाक्यात, ‘अद्याप विक्री नाही’ असे स्पष्ट लिहून. द्राक्षांच्या बेरजेत तो मिसळू नये.

एअरबीएनबीचे सुरुवातीच्या काळातले गुंतवणूकदारांसाठीचे सादरीकरण पुढे सार्वजनिक झाले. त्यातला बाजारपेठेचा भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जगभरात आरक्षित होणाऱ्या सहली, त्यातल्या स्वस्त आणि ऑनलाइन आरक्षणाच्या सहली, आणि त्यात कंपनीला अपेक्षित वाटा असे उतरते आकडे तिथे आहेत. बाहेरून घेतलेल्या आकड्यांखाली ते मोजणाऱ्या संस्थांची नावे दिली आहेत, आणि मोजमाप डॉलरमध्ये नसून सहलींमध्ये आहे. विक्री ज्या एककात होते त्याच एककात बाजार मोजला की आकडे आपोआप जमिनीवर राहतात.

मसुद्याची उरलेली चार वाक्ये कंपनीच्या स्वतःच्या कामगिरीची आहेत. उद्योगात याला ‘ट्रॅक्शन’ म्हणतात: ग्राहक खरोखर येत आहेत, पैसे देत आहेत आणि परत येत आहेत याचा पुरावा. इथे स्रोत कंपनीच्या कपाटातच असतो, त्यामुळे शोधाशोध कमी असते. अडचण येते ती आकडे वेगळे करताना.

‘५,००० हून अधिक शेतकरी जोडलेले’ याचा पुरावा मागितल्यावर ॲप डाउनलोडचा आकडा पुढे आला. त्यांपैकी बहुतेकांनी ॲप उघडून हवामान पाहिले आणि सोडून दिले. बागेत प्रत्यक्ष संच बसलेले प्लॉट २०२४-२५ च्या हंगामात १८६ होते. त्यातले १४२ भाडे भरणारे आणि ४४ मोफत चाचणीवरचे. हे तीनही आकडे खरे आहेत, पण ग्राहक म्हणावा असा एकच, १४२. डाउनलोडचा आकडा पानावर ठेवायचाच असेल तर ‘डाउनलोड’ म्हणूनच ठेवावा. ‘जोडलेले’, ‘सहभागी’, ‘लाभार्थी’ असे सैल शब्द दिसले की त्यांच्या मागे साधारण असाच एखादा मोठा आणि पोकळ आकडा असतो.

‘उलाढाल ८० लाख’ ही ओळ अधिक गंभीर होती. सेन्सरच्या भाड्याचे १४२ प्लॉटचे १७ लाख ४ हजार रुपये होतात. उरलेले सुमारे ६२ लाख आले कुठून? कंपनीने त्या हंगामापासून ॲपवर खते आणि औषधांची मागणी नोंदवण्याची सोय सुरू केली होती. माल स्थानिक विक्रेता देत होता, पैसे त्यालाच जात होते आणि कंपनीला तीन टक्के दलाली मिळत होती. ६२ लाखांच्या मालावर ती १ लाख ८६ हजार रुपये झाली. म्हणजे कंपनीचा स्वतःचा महसूल १८ लाख ९० हजार होता आणि पानावर त्याच्या चौपटीहून जास्त दिसत होता.

ही चूक छोट्या कंपन्यांपुरती नाही. अमेरिकेतल्या ग्रुपॉन कंपनीने २०११ मध्ये शेअर विक्रीसाठी कागदपत्रे दाखल केली तेव्हा २०१० सालचा महसूल सुमारे ७१ कोटी डॉलर दाखवला होता. ग्राहकाने कूपनसाठी भरलेली सगळी रक्कम त्यात धरलेली होती, त्यातला जो वाटा दुकानदाराला द्यायचा होता तोसुद्धा. अमेरिकेच्या बाजार नियामकाच्या छाननीनंतर त्याच वर्षी कागदपत्रे बदलली गेली आणि महसूल सुमारे ३१ कोटी डॉलरवर आला. धंदा तोच, व्यवहारही तेच. बदलले ते फक्त कंपनीचे स्वतःचे किती आणि दुसऱ्याचे हातातून गेलेले किती हे उत्तर. एकपानी सारांशात हे उत्तर दोन आकड्यांनी द्यावे: महसूल १८.९० लाख, आणि ॲपमार्फत झालेली निविष्ठा विक्री ६२ लाख. दुसरा आकडा लपवायचे कारण नाही, कारण बागायतदार खरेदीसाठी ॲपवर येऊ लागले ही स्वतंत्र आणि चांगली बातमी आहे.

‘दरमहा ४० टक्के वाढ’ या दाव्याचा उगम बिलांच्या नोंदीत सापडला. सप्टेंबरमध्ये २५ प्लॉटची नोंदणी झाली आणि ऑक्टोबरमध्ये ३५ ची. वाढ बरोबर ४० टक्के. पण नाशिक भागात गोडी छाटणी याच दोन महिन्यांत होते आणि बागायतदार हंगामाची सगळी तयारी तेव्हाच करतो. जानेवारीपासून काढणी सुरू झाली की नवा संच कोणी घेत नाही. हंगामी धंद्यात लागोपाठच्या दोन महिन्यांची तुलना केली तर निघणारा आकडा छाटणीचा असतो, कंपनीच्या वाढीचा नव्हे. योग्य तुलना हंगामाशी हंगामाची. २०२३-२४ मध्ये भाडे भरणारे प्लॉट ६१ होते, २०२४-२५ मध्ये १४२. भाड्याचा महसूल ७.३२ लाखांवरून १७.०४ लाखांवर गेला, म्हणजे सव्वादोन पटींहून थोडा अधिक. दलाली या हंगामातच सुरू झाली असल्याने ती या तुलनेतून बाहेर ठेवावी लागते, नाहीतर वाढ उगाच फुगते.

याच नोंदी चाळताना मसुद्यात कुठेच नसलेला एक आकडा हाती लागला, आणि पानावरचा सर्वांत बोलका आकडा तोच ठरला. आदल्या हंगामातल्या ६१ प्लॉटपैकी ४७ चे भाडे याही हंगामात भरले गेले होते. म्हणजे ७७ टक्के नूतनीकरण. शेतकऱ्याला नवलाईने एकदा संच बसवायला लावणे शक्य असते. एक अख्खा हंगाम पाहून झाल्यावर तो पुन्हा १२,००० रुपये भरतो तेव्हा सल्ल्याचा उपयोग झाला असे मानायला आधार मिळतो. उरलेल्या १४ जणांना दूरध्वनी करून कारणे विचारावीत, आणि तसे इथे झाले. पाच जणांनी बागच काढून टाकली होती, चौघांच्या शिवारात मोबाइलची रेंज टिकत नव्हती आणि पाच जणांना भाडे जड वाटत होते. पहिले कारण कंपनीच्या हातात नाही, दुसरे तांत्रिक आहे, तिसऱ्यावर विचार करायला हवा. हा तपशील पानावर मावणार नाही, पण भेटीत हा प्रश्न येणारच, म्हणून तो तक्त्यात असावा.

शेवटचे वाक्य तीन संस्थांशी असलेल्या सहकार्याचे. फाइलमध्ये एका शेतकरी उत्पादक कंपनीशी झालेला सह्यांचा करार होता. त्याखाली ३८ प्लॉटचे भाडे त्या कंपनीनेच भरले होते. दुसऱ्या संस्थेचे केवळ इच्छा व्यक्त करणारे पत्र होते, त्यात रक्कम नव्हती की मुदत नव्हती. तिसऱ्या संस्थेशी दोन बैठका झाल्या होत्या. पानावर पहिला करार जावा, तोही आकड्यासह. पत्र फार तर ‘चर्चा सुरू’ म्हणून जाईल आणि बैठका जाणार नाहीत. ३८ प्लॉट म्हणजे १४२ च्या चौथ्या हिश्श्याहून जास्त, तेव्हा एवढा धंदा एकाच ग्राहकावर टेकलेला आहे ही गोष्टही वाचणाऱ्याला इथेच कळते. तशी ती कळावी. हा धोका कागदपत्रांच्या सविस्तर तपासणीत सापडला तर लपवल्यासारखा वाटतो. पानावर आधीच लिहिलेला असला तर त्यावर नुसती चर्चा होते.

बिल केलेली रक्कम आणि हातात आलेली रक्कम यांतला फरकही तपासून घ्यावा लागतो. १७.०४ लाखांपैकी ३१ मार्च २०२५ पर्यंत १४.६० लाख जमा झाले होते. २.४४ लाख येणे होते, कारण काही बागायतदार द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याकडून आल्यावरच भाडे चुकते करतात. शेतीशी संबंधित धंद्यात हे नेहमीचे आहे, पण बँकेचा उतारा १४.६० च दाखवणार, म्हणून दोन्ही आकडे तारखेसह द्यावेत. तारीख नसलेला आकडा तीन महिन्यांनी कोणत्या काळाचा होता हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

सगळे दावे असे तपासून झाल्यावर क्रम ठरवणे सोपे जाते. पहिल्या वाक्यात कंपनी काय करते ते साध्या शब्दांत, विशेषणांशिवाय. लगेच ट्रॅक्शन: पैसे देणारे ग्राहक, महसूल, हंगामागणिक वाढ, नूतनीकरण, याच क्रमाने, कारण पुढच्या आकड्याला मागच्याचा आधार लागतो. मग ग्राहकाची अडचण आणि तिच्यावरचा उपाय, त्यानंतर बाजारपेठ, शेवटी माणसे आणि मागणी. बदललेल्या पानाचा वरचा भाग असा झाला:

‘द्राक्षबागायतदारांना सेन्सरच्या नोंदींवरून पाणी आणि फवारणीचा सल्ला देणारी नाशिकची कंपनी. २०२४-२५ हंगाम (३१ मार्च २०२५ अखेर): भाडे भरणारे १४२ प्लॉट, आदल्या हंगामात ६१. भाड्याचा महसूल १७.०४ लाख रुपये, त्यांपैकी १४.६० लाख जमा. आदल्या हंगामातील ६१ पैकी ४७ प्लॉटचे नूतनीकरण. याशिवाय ४४ प्लॉट मोफत चाचणीवर. ॲपमार्फत ६२ लाखांची निविष्ठा विक्री, त्यावरील दलाली १.८६ लाख. १४२ पैकी ३८ प्लॉट एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या करारातून.

‘बाजारपेठ: निर्यातीसाठी ग्रेपनेटवर नोंदलेल्या दर १०,००० प्लॉटमागे हंगामाला १२ कोटी रुपये (१२,००० रुपये प्रति प्लॉट). देशातील संपूर्ण द्राक्षक्षेत्र धरल्यास ६०० कोटींच्या आत. डाळिंब आणि संत्रा या हिशेबात नाहीत. अद्याप विक्री नाही.’

अंतिम प्रतीत ग्रेपनेटवरच्या प्लॉटची त्या हंगामाची प्रत्यक्ष संख्या आणि ती पाहिल्याची तारीख घातली जाते. क्षेत्राच्या आकड्याखाली सरकारी फलोत्पादन आकडेवारीचे वर्ष बारीक अक्षरात येते. दोन ओळींची तळटीप पानाच्या एकूण जागेत सहज बसते.

विक्री सुरूच झालेली नाही अशा कंपन्यांना हा क्रम जसाच्या तसा लागू होत नाही. त्यांच्या पानावर वर काय यावे? जे घडले आहे त्यातले सर्वांत कठीण: चाचणीत सहभागी झालेल्या ग्राहकांची संख्या आणि चाचणीचा मोजलेला निकाल, आगाऊ रक्कम भरून नोंदवलेल्या मागण्या, मिळालेला परवाना. त्यांच्यापुढे ‘चाचणी’, ‘आगाऊ’ असे शब्द ठळक असावेत. अपेक्षित महसुलाचे पुढच्या तीन वर्षांचे आकडे या जागी आणू नयेत. ते द्यायचे असतील तर खाली, ‘अंदाज’ असे लिहून आणि कोणत्या गृहीतकावर बेतले आहेत ते सांगून. अंदाज आणि घडलेले एकाच तक्त्यात, एकाच शाईत मांडले की वाचणाऱ्याची गल्लत होते, आणि तशी गल्लत करून पैसे उभे केले तर प्रकरण संपादनाच्या पलीकडे जाते. थेरानोस या रक्तचाचणी कंपनीवर अमेरिकेच्या बाजार नियामकाने मार्च २०१८ मध्ये फसवणुकीचा ठपका ठेवला. २०१४ मध्ये १० कोटी डॉलरहून अधिक महसूल होईल असे गुंतवणूकदारांना सांगितले होते, प्रत्यक्षात तो एक लाख डॉलरच्या थोडा वर होता, हा त्यातल्या आरोपांपैकी एक होता.

पान पाठवण्याआधी एक शेवटची तपासणी कंपनीबाहेरच्या माणसाकडून करून घ्यावी. त्याच्या हाती पान आणि पुराव्यांची फाइल द्यावी आणि प्रत्येक आकडा मूळ कागदात शोधायला सांगावे. कंपनीतल्या कोणाला न विचारता तो सापडला पाहिजे. जिथे त्याला विचारावे लागते तिथे एकतर पुराव्याची फाइल अपुरी असते किंवा वाक्य सैल असते. लाख आणि मिलियन यांची अदलाबदल, डॉलरचे रुपये करताना सुटलेले शून्य, एका ठिकाणी १४२ आणि दुसऱ्या ठिकाणी १८६ ‘ग्राहक’, अशा चुकाही याच वाचनात सापडतात. नाशिकच्या कंपनीचे हे पान पुढच्या गोडी छाटणीपर्यंत चालेल. नोव्हेंबरमध्ये नव्या हंगामाची नोंदणी संपली की १४२ पैकी किती प्लॉटनी पुन्हा भाडे भरले आणि ४४ चाचण्यांपैकी किती भाड्यावर आल्या हे कळेल, आणि वरच्या चार ओळी नव्याने लिहाव्या लागतील.